सहामाही प्रगती अहवाल: झालेले काम, लांबलेले काम आणि बदललेला आराखडा कसा मांडावा

शोधार्थीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीच्या सदस्याला सहामाही प्रगती अहवालात तीन गोष्टी शोधायच्या असतात. मागच्या बैठकीत जे ठरले होते त्यापैकी काय झाले, जे झाले नाही ते का झाले नाही, आणि या सगळ्यानंतर प्रबंध केव्हा सादर होणार. नवा शोधार्थी मात्र बहुतेक वेळा चौथ्याच प्रश्नाचे उत्तर लिहितो: मी किती कष्ट घेतले. वाचलेल्या लेखांची यादी, उपस्थित राहिलेल्या कार्यशाळा, ग्रंथालयातील दिवस हे सारे खरे असते, पण त्यावरून काम ठरलेल्या वाटेवर आहे की नाही हे कळत नाही. माझा पहिला सहामाही अहवाल चौदा पानांचा होता आणि त्यातली दहा पाने पूर्वसंशोधनाच्या आढाव्याने भरली होती. एका ज्येष्ठ सदस्यांनी तो शेवटून उघडला, पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा शोधला, तो दोन ओळींचा आहे हे पाहिले आणि अहवाल मिटून ठेवला. त्यानंतरची चर्चा त्या दोन ओळींवरच झाली.

या लेखात अहवाल लिहिण्याची रीत एका उदाहरणाच्या आधारे सांगितली आहे. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातल्या अडचणी शोधार्थींना नेहमी येणाऱ्याच आहेत. सर्वाधिक जागा विलंबाला दिली आहे, कारण झालेले काम सांगणे सोपे असते आणि अहवाल अडखळतो तो न झालेल्या कामापाशी.

उदाहरणातील अभ्यास

शिक्षणशास्त्रातील एक शोधार्थी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवण्याच्या एका पद्धतीचा अभ्यास करत आहे. बारा वर्ग निवडायचे, सहा वर्गांत नव्या पद्धतीने आणि सहा वर्गांत नेहमीच्या पद्धतीने अपूर्णांकाचे प्रकरण शिकवले जाईल, आधी पूर्वचाचणी व शेवटी उत्तरचाचणी होईल, असा मंजूर आराखडा आहे. प्रबंधाचे काम एकूण सहा सहामाहींचे आहे आणि हा अहवाल तिसऱ्या सहामाहीचा, म्हणजे सव्वीस आठवड्यांचा आहे.

या सहामाहीसाठी मंजूर झालेली कामे पुढीलप्रमाणे होती. पाचव्या आठवड्यापर्यंत चाचणीचा मसुदा विषयतज्ज्ञांकडून तपासून घेणे, सहाव्या आठवड्यापर्यंत संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीती समितीची परवानगी मिळवणे, सातव्या आठवड्यात चाचणी थोड्या विद्यार्थ्यांवर वापरून पाहणे, आठव्या आठवड्यापर्यंत बारा वर्गांची संमती घेणे, दहाव्या आठवड्यात पूर्वचाचणी, अकराव्या ते सोळाव्या आठवड्यात अध्यापन, सतराव्यात उत्तरचाचणी, आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा.

प्रत्यक्षात परवानगी तेराव्या आठवड्यात मिळाली. तोवर बारापैकी सहा वर्गांत अपूर्णांकाचे प्रकरण सुरू झालेले होते.

पहिली पायरी: कोऱ्या कागदाऐवजी मागचे इतिवृत्त समोर ठेवा

अहवाल लिहायला बसताना प्रथम मागच्या बैठकीचे इतिवृत्त, त्यातील शिफारशी आणि त्या वेळी मंजूर झालेला आराखडा बाहेर काढावा. संस्थेचा विहित नमुना असेल तर तोही घ्यावा, पण नमुन्यातले रकाने भरणे हे शेवटचे काम आहे. आधी एक साधा तक्ता करावा. डावीकडे मंजूर आराखड्यातील प्रत्येक काम त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने उतरवावे, शेजारी ठरलेली तारीख, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष तारीख आणि शेवटी पुरावा कोणता जोडला आहे ते.

‘त्याच शब्दांत’ यावर माझा भर आहे. मागच्या वेळी ‘बारा वर्गांची संमती घेणे’ असे लिहिले असेल आणि या वेळी तेच काम ‘शाळांशी संपर्क प्रस्थापित करणे’ या नावाने पूर्ण झालेले दिसत असेल, तर सदस्याच्या मनात पहिली शंका तिथेच येते. शब्द बदलून लक्ष्य खाली आणणे बहुतेक वेळा जाणूनबुजून झालेले नसते. सहा महिन्यांत आपल्याच मनात कामाचे रूप बदललेले असते एवढेच. पण समितीसमोर मागचा कागद असतो, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

मागच्या बैठकीत दिलेल्या शिफारशींसाठी वेगळा भाग ठेवावा. प्रत्येक शिफारशीपुढे काय केले हे एका वाक्यात सांगावे. एखादी शिफारस अमलात आणली नसेल तर तेही लिहावे आणि कारण द्यावे. शिफारस पटली नाही हे कारणही चालते, मात्र ते युक्तिवादासह मांडावे लागते. ती गाळून टाकणे तेवढे चालत नाही.

दुसरी पायरी: झालेले काम मोजता येईल असे लिहा

‘चाचणी निर्मितीचे काम ८० टक्के पूर्ण झाले आहे’ हे वाक्य अहवालात वारंवार आढळते आणि त्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. चाचणीत वीस प्रश्न असतील तर सोळा प्रश्न तयार झाले असा अर्थ घ्यायचा, की वीसही तयार आहेत आणि विश्वसनीयता तपासायची राहिली आहे असा? पुढची सहामाही आली की असे ८० टक्के काम बहुधा ९० टक्क्यांवर जाते आणि तिथेच थांबते, कारण उरलेल्या भागातच खरी अडचण दडलेली असते.

त्याऐवजी आपल्या उदाहरणातील शोधार्थीने असे लिहावे: ‘वीस प्रश्नांचा मसुदा पाच विषयतज्ज्ञांनी पाचव्या आठवड्यापर्यंत तपासला. पंधराव्या आठवड्यात तो ६२ विद्यार्थ्यांना दिला असता विश्वसनीयता दाखवणारा क्रोनबाख अल्फा ०.६१ आला, जो अपेक्षेपेक्षा कमी होता. चार प्रश्नांची भाषा संदिग्ध आढळली. ते नव्याने लिहून एकविसाव्या आठवड्यात वेगळ्या ५८ विद्यार्थ्यांवर चाचणी पुन्हा वापरली, तेव्हा हे मूल्य ०.७४ आले. दोन्ही वेळच्या निकालांचा तक्ता जोडपत्र २ मध्ये आहे.’ या उताऱ्यात पहिला निकाल कमकुवत होता हेही सांगितले आहे. ते लपवले असते तर दुसऱ्या आकड्याला वजन आले नसते, कारण समितीला पाहायचे असते ते हेच की अडचण कळली कशी आणि ती सोडवण्यासाठी काय केले.

कामाच्या स्थितीसाठी तीनच शब्द वापरावेत: पूर्ण, अंशतः आणि सुरू नाही. ‘चालू आहे’ हा शब्द शक्यतो टाळावा. ज्या कामासाठी एक पत्र पाठवले तेही चालू असते आणि ज्याचे केवळ शेवटचे पान उरले तेही चालूच असते. ‘अंशतः’ लिहिले की किती अंश हे सांगणे भाग पडते. दुसऱ्या प्रकरणाच्या बाबतीत ‘अंशतः: पाचपैकी तीन उपविभागांचा मसुदा मार्गदर्शकांना दिला असून त्यांच्या सूचनांसह परत आला आहे, दोन उपविभाग लिहायचे आहेत’ एवढे पुरेसे होते.

आराखड्यात नसलेले पण केलेले कामही अहवालात यावे, मात्र वेगळ्या शीर्षकाखाली आणि ते का केले या स्पष्टीकरणासह. मंजूर कामांच्या यादीत ते मिसळले तर न झालेली कामे झाकण्याचा प्रयत्न वाटतो. कार्यशाळा व परिषदांची प्रमाणपत्रे जोडपत्रात जावीत. त्यांना मुख्य मजकुरात दोन ओळींपेक्षा अधिक जागा देऊ नये.

तिसरी पायरी: विलंब सांगताना तो कशाला ढकलतो ते सांगा

आपल्या शोधार्थीच्या पहिल्या मसुद्यात असे लिहिलेले असते: ‘नीती समितीची परवानगी वेळेत प्राप्त न झाल्यामुळे आधारसामग्री संकलनास काहीसा विलंब झाला असून उर्वरित काम लवकरच पूर्ण करण्यात येईल.’ वाक्य सभ्य आहे, व्याकरणशुद्ध आहे आणि समितीच्या दृष्टीने पूर्ण निरुपयोगी आहे. विलंब किती झाला, का झाला, त्यात कोणाचा वाटा किती, आणि ‘लवकरच’ म्हणजे केव्हा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

हीच नोंद पुढीलप्रमाणे लिहिता येते. ‘परवानगी सहाव्या आठवड्यात अपेक्षित होती, ती तेराव्या आठवड्यात मिळाली. अर्ज दुसऱ्या आठवड्यात दाखल केला होता. सातव्या आठवड्यात दोन त्रुटी कळवण्यात आल्या. पालकांच्या संमतीपत्राबरोबर मुलांसाठी सोप्या भाषेतील सहमतीपत्र जोडलेले नव्हते, आणि तासिकांची ध्वनिमुद्रणे किती काळ ठेवणार व नंतर त्यांचे काय करणार हे नमूद केलेले नव्हते. दोन्ही त्रुटी माझ्याकडून राहिल्या होत्या. दुरुस्त अर्ज आठव्या आठवड्यात सादर केला. नीती समितीची पुढील बैठक तेराव्या आठवड्यात होती, त्यामुळे निर्णय तेव्हा झाला. मूळ आराखड्यात मी एका फेरीत चार आठवड्यांत परवानगी मिळेल असे गृहीत धरले होते, ते चुकीचे होते.’

या नोंदीत तीन वेगवेगळी कारणे वेगळी केली आहेत: शोधार्थीची चूक, कार्यपद्धतीचा वेळ आणि आराखड्यातील चुकीचा अंदाज. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. अर्जातील त्रुटी पुढच्या अर्जाच्या वेळी मार्गदर्शकांकडून तपासणी यादीनुसार पाहून घेतल्या तर टळतात. नीती समितीच्या बैठकींचे वेळापत्रक आपल्या हातात नसते, पण ते आधी विचारून आराखड्यात धरता येते. अंदाज चुकला असेल तर तोच अंदाज आराखड्यात आणखी कुठे वापरला आहे का, हे पाहावे लागते. स्वतःची चूक एका वाक्यात मान्य केल्याने शोधार्थीचे नुकसान होत नाही. सगळा दोष बाहेरच्यांवर टाकला की सदस्यांचे प्रश्न वाढतात, आणि चूक मग त्यांच्याच तोंडून बाहेर येते. मात्र दिलगिरीचा परिच्छेदही लिहू नये, कारण त्यातूनही माहिती मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. परवानगीला सात आठवडे उशीर झाला, म्हणून प्रबंध सात आठवड्यांनी लांबला असे होत नाही. विलंब किती दिवसांचा होता यापेक्षा त्याने कोणते काम कोणत्या घटनेच्या पलीकडे ढकलले हे पाहावे लागते. अपूर्णांकाचे प्रकरण वर्षातून एकदाच शिकवले जाते. ती वेळ निघून गेली की प्रयोग पुढच्या शालेय वर्षावर जातो, म्हणजे सात आठवड्यांचा उशीर बारा महिन्यांचा होतो. उलट दुसऱ्या प्रकरणाचे दोन उपविभाग राहिले आहेत, पण कोणतेही पुढचे काम त्यांच्यासाठी अडून बसलेले नाही. तो विलंब आठ आठवड्यांचा असला तरी प्रबंधाच्या तारखेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. अहवालात दोन्ही विलंब एकाच सुरात लिहिले तर समिती प्रकरणाच्या मसुद्यावर वेळ घालवते आणि प्रयोगाचा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांवर जातो.

म्हणून प्रत्येक विलंबाच्या नोंदीच्या शेवटी ‘परिणाम’ असे लिहून स्वतःला एक प्रश्न विचारावा: या कामावर अवलंबून असलेले पुढचे काम कोणते, आणि ते केव्हाही सुरू करता येते की त्याला ठरावीक काळच लागतो? पीक, पाऊस, प्राण्यांचा प्रजननकाळ, शालेय वर्ष, सामायिक उपकरणाच्या आरक्षणाची फेरी, एखाद्या अभिलेखागाराची बंद राहण्याची मुदत, अशा गोष्टी आपल्यासाठी थांबत नाहीत. आपल्या अभ्यासात असे काही असेल तर विलंबाच्या भागाची सुरुवात तिथूनच करावी.

चौथी पायरी: सुधारित आराखड्याआधी पर्याय मांडा

तारखा पुढे सरकवणे म्हणजे आराखडा सुधारणे, अशी समजूत असते. समितीला मात्र कोणते पर्याय तपासले आणि हाच का निवडला हे वाचायचे असते. उदाहरणातील शोधार्थीपुढे दोन वाटा होत्या.

पहिली वाट मोहात पाडणारी होती. सहा वर्गांत प्रकरण अजून सुरू झालेले नव्हते, ते सतराव्या आठवड्यात सुरू होणार होते. पंधराव्या आठवड्यापर्यंत संमती घेऊन त्या सहा वर्गांतच प्रयोग उरकला असता तर वर्ष वाचले असते. वर्ग निम्मे झाले तरी प्रत्येक वर्गाला दुसरी तुकडी जोडून विद्यार्थ्यांची संख्या ३६० च ठेवता येईल, असेही त्याला वाटले.

इथे थोडे गणित करावे लागते, आणि अहवालात ते असावे. एकाच वर्गातील विद्यार्थी एकमेकांसारखे असतात. शिक्षक एक, वातावरण एक. त्यामुळे एका वर्गातील तीस मुले म्हणजे तीस स्वतंत्र निरीक्षणे नसतात. हा परिणाम मोजण्यासाठी एक गुणक काढतात: वर्गातील विद्यार्थिसंख्येतून एक वजा करायचा, त्याला वर्गांतर्गत साम्याच्या मूल्याने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. एकूण विद्यार्थ्यांना या गुणकाने भागले की प्रभावी नमुनासंख्या मिळते. साम्याचे मूल्य ०.१५ धरले, तर तीस विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी गुणक ५.३५ येतो. बारा वर्गांतील ३६० विद्यार्थी मग सुमारे ६७ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी माहिती देतात. सहा वर्गांतील १८० विद्यार्थ्यांचे तसे ३४ होतात. आता सहाच गट ठेवून प्रत्येकात साठ विद्यार्थी घेतले, म्हणजे एकूण पुन्हा ३६० केले, आणि दोन्ही तुकड्या एकाच शिक्षकाकडे असल्यामुळे साम्य तेवढेच धरले, तर गुणक ९.८५ वर जातो आणि हाती येतात सुमारे ३७. विद्यार्थी दुप्पट केले, त्यांच्या चाचण्या तपासण्याचे काम दुप्पट झाले, आणि मिळकत ३४ वरून ३७. गमावलेले वर्ग विद्यार्थी वाढवून भरून निघत नाहीत, हे एवढ्या हिशेबातून समितीला एका नजरेत कळते.

दुसरी वाट म्हणजे मुख्य प्रयोग पुढच्या वर्षी त्याच सुमारास, म्हणजे पाचव्या सहामाहीत, बारा वर्गांवर करणे. शोधार्थीने हीच निवडली. शिवाय या वर्षी हाती असलेल्या सहापैकी दोन वर्गांत अध्यापनाची रंगीत तालीम केली. सतराव्या ते बाविसाव्या आठवड्यात झालेल्या या तालमीत एका वर्गातील शिक्षकांनी बारापैकी दोन तासिका वेळेअभावी गाळल्या, आणि हे शोधार्थीला नंतर वहीवरून कळले. मुख्य प्रयोगात असे घडले असते तर कोणत्या वर्गाला नेमके काय शिकवले गेले हेच सांगता आले नसते. आता प्रत्येक तासिकेची नोंद त्याच दिवशी घेण्यासाठी एक निरीक्षण तक्ता तयार केला आहे. हे आराखड्याबाहेरचे काम, आणि त्याची जागा वर सांगितलेल्या वेगळ्या शीर्षकाखाली.

त्यानंतर उरलेली कामे नव्या क्रमाने लावायची. मूळ क्रम असा होता: तिसऱ्या सहामाहीत प्रयोग, चौथ्या सहामाहीत विश्लेषण, पाचव्या सहामाहीत शिक्षकांच्या मुलाखती, सहाव्या सहामाहीत लेखन. प्रयोग पाचव्या सहामाहीत गेला, तर सगळेच दोन सहामाही पुढे ढकलले जाऊन प्रबंध आठव्या सहामाहीत जाईल. पण मुलाखती चौथ्या सहामाहीत आणता येतात, आणि दुसरे व तिसरे प्रकरणही तेव्हाच लिहून होते. मग पाचव्या सहामाहीत प्रयोग, सहाव्या सहामाहीत विश्लेषण आणि सातव्या सहामाहीत उरलेले लेखन, असा क्रम लागतो. बारा महिन्यांच्या विलंबापैकी सहा महिने असे भरून निघतात.

अशा पुनर्रचनेची किंमतही सांगावी लागते, आणि नेमकी तीच सांगायची राहते. मुलाखती मुळात प्रयोगानंतर ठेवल्या होत्या, कारण वर्गात काय घडले यावर शिक्षकांना प्रश्न विचारायचे होते. त्या आधी घेतल्या तर हे प्रश्न विचारताच येणार नाहीत. शोधार्थीच्या मसुद्यात याचा उल्लेख नव्हता. मार्गदर्शकांनी समासात ‘मग प्रयोगाबद्दल कोणाला विचारणार?’ एवढेच लिहिले. त्यावरून आराखडा बदलला. पंधरापैकी दहा मुलाखती चौथ्या सहामाहीत, अपूर्णांक शिकवतानाच्या सर्वसाधारण अडचणींविषयी. आणि उरलेल्या पाच प्रयोग संपल्यावर, प्रयोगात सहभागी असलेल्या शिक्षकांच्या.

सुधारित आराखड्यात शेवटी एक छोटा परिच्छेद ‘समितीकडून अपेक्षित निर्णय’ या शीर्षकाखाली असावा. काही बदल शोधार्थी व मार्गदर्शक आपापसात ठरवू शकतात, तर काहींना समितीची किंवा तिच्याही वरच्या मंडळाची मंजुरी लागते. शीर्षक, संशोधनपद्धती, नमुना आणि एकूण कालावधी यांतील बदल साधारणपणे दुसऱ्या प्रकारात मोडतात, पण आपल्या संस्थेची नियमावली पाहूनच हे ठरवावे. उदाहरणात मुलाखतींच्या क्रमातील बदलाला समितीची संमती हवी, आणि सातवी सहामाही मूळ कालावधीबाहेर जात असल्याने मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल. अहवालात तारीख पुढे लिहिली म्हणजे मुदतवाढ मिळाली असे होत नाही. हा गैरसमज अनेकांना शेवटच्या वर्षी महागात पडतो.

पाचवी पायरी: मार्गदर्शक, बैठक आणि इतिवृत्त

अहवाल बैठकीच्या आदल्या दिवशी सहीसाठी नेऊ नये. किमान दहा दिवस आधी मार्गदर्शकांना मसुदा द्यावा, आणि विलंबाचा भाग त्यांना आधी वाचायला सांगावा. समितीसमोर मार्गदर्शकांना एखादी अडचण प्रथमच कळते आहे असे दिसले, तर त्याचा त्रास दोघांनाही होतो. विलंबाला मार्गदर्शकांकडचाही काही वेळ कारणीभूत असेल, उदाहरणार्थ मसुदा परत येण्यास पाच आठवडे लागले असतील, तर त्याविषयी आधी बोलून घ्यावे आणि अहवालात फक्त तारखा लिहाव्यात: अमुक आठवड्यात मसुदा दिला, अमुक आठवड्यात परत मिळाला. समितीला हिशेब करता येतो, विशेषणांची गरज नसते.

मुख्य मजकूर पाच ते सात पानांत बसावा आणि बाकीचे जोडपत्रांत जावे. सादरीकरणात स्लाइड वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. पहिल्या स्लाइडवर तक्ता, दुसऱ्यावर सर्वांत गंभीर विलंब व त्याचा परिणाम, तिसऱ्यावर पर्याय आणि अपेक्षित निर्णय, एवढे झाले की उरलेला वेळ चर्चेला द्यावा.

बैठकीत कोणी काय सुचवले हे त्याच वेळी लिहून घ्यावे. इतिवृत्त अधिकृतपणे मिळायला वेळ लागतो, आणि कधी त्यात ‘प्रगती समाधानकारक, काही सूचना देण्यात आल्या’ इतकेच असते. म्हणून दोन दिवसांच्या आत मार्गदर्शकांना एक छोटी टिप्पणी पाठवावी की बैठकीतील सूचना मला अशा समजल्या आणि त्यांवर मी अशी कृती करणार आहे. काही चुकीचे समजले असेल तर ते तिथेच दुरुस्त होते.

उदाहरणातील बैठकीत समितीने क्रमातील बदल मान्य केला, पण एका सदस्यांनी परवानगीपत्र मागवून त्यावरची मुदत वाचली. परवानगी बारा महिन्यांचीच होती. ती तेराव्या आठवड्यात मिळाली, म्हणजे याच सहामाहीच्या सुरुवातीपासून मोजल्यास पासष्टाव्या आठवड्यात संपणार. नव्या आराखड्यानुसार अध्यापन त्रेसष्टाव्या ते अडुसष्टाव्या आठवड्यात व्हायचे होते. प्रयोग अर्ध्यावर असताना परवानगी संपली असती, आणि त्यानंतर गोळा केलेली आधारसामग्री वापरता आली नसती. शोधार्थीने तारखा पुढे सरकवताना कामे सरकवली, पण त्या कामांना आधार देणाऱ्या कागदांच्या मुदती पाहिल्या नव्हत्या. परवानगी, उपकरणांचे आरक्षण, शाळांची संमतीपत्रे, संगणक प्रणालीचा परवाना, शिष्यवृत्तीचा कालावधी यांच्या मुदती सुधारित आराखड्याशेजारी ठेवून पाहायला अर्धा तास लागतो.

समितीची शिफारस अशी नोंदवली गेली: परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज बावन्नाव्या आठवड्यापूर्वी सादर करावा. आधीच्या अर्जाला लागलेले अकरा आठवडे लक्षात घेता एवढा अवधी पुरेसा होता. शोधार्थीने त्याच संध्याकाळी पुढच्या अहवालाचा तक्ता उघडून ही शिफारस पहिल्या ओळीत, समितीच्याच शब्दांत, उतरवून ठेवली.